वेबसाइटवरच्या चौकशीला तारीख लावा

ताईंनो, वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेली चौकशी ईमेलमध्येच ठेवली तर इतर मेलखाली दबते. म्हणून प्रत्येक चौकशीची शीटमध्ये एक ओळ करा: आलेली तारीख, नाव, फोन, काय हवं, गुण, पुढच्या फोनची तारीख.

किती माल हवा ते लिहिलं असेल तर २ गुण, कधी हवा ते असेल तर २, फोन नंबर असेल तर १. गुण ४-५ तर दुसऱ्याच दिवशी संपर्क, २-३ तर तीन दिवसांनी, त्याखाली आठवड्याने.

समजा, ३ नोव्हेंबरला पुण्याहून मेल आला, “५० किलो इंद्रायणी, २० तारखेपर्यंत हवा”, खाली नंबर. गुण ५, फोन ४ तारखेला. नुसतं “भाव काय?” आणि नंबर असेल तर गुण १, फोन १० तारखेला.

बोलणं झालं की पुढची तारीख टाका, नाहीतर “बंद” लिहा. तो रकाना रिकामा दिसला, की समजा गिऱ्हाईक सुटतंय.