रिक्रूटरला पाठवायच्या चार ओळी

मुलाखत चांगली झाली. रिक्रूटर म्हणाली, "दोन-तीन दिवसांत कळवते." पाच दिवस उलटले, काहीच नाही. फोन लावला तर उचलत नाही, कारण तिचं सगळं काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. पोस्टची माहिती तिथेच आली, सीव्ही तिथेच गेला, मुलाखतीची वेळही तिथेच ठरली. म्हणजे आता विचारायचं तेही तिथेच. बहुतेक उमेदवार अशा वेळी लिहितात, "हाय मॅडम, एनी अपडेट?" आणि वाट बघत बसतात.

या मेसेजला उत्तर का येत नाही, हे रिक्रूटरच्या बाजूने पाहिलं की लगेच कळतं. कन्सल्टन्सीत काम करणाऱ्या रिक्रूटरकडे एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी कितीतरी उमेदवार. तुमचा नंबर तिने सेव्ह केलेला असेलच असं नाही. चॅटच्या यादीत तिला दिसतो एक नंबर, तुमचा प्रोफाइल फोटो आणि शेवटच्या मेसेजची पहिली ओळ. त्या ओळीत "एनी अपडेट?" एवढंच असेल, तर तुम्ही कोण हे शोधायला तिला चॅट उघडून वर वर सरकत जावं लागतं. ती म्हणते, नंतर बघू. तोवर आणखी वीस मेसेज येऊन तुमचं चॅट खाली गेलेलं असतं. "हाय", "मॅडम", "अपडेट?" असे तीन तुकडे पाठवले तर आणखी वाईट, कारण यादीत फक्त शेवटचा तुकडा दिसतो.

दुसरी गोष्ट उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. निर्णय तिच्या हातात नसतो. मुलाखत घेणारी कंपनी तिची क्लायंट. तिथला एचआर किंवा विभागप्रमुख फीडबॅक देत नाही तोवर तिच्याकडेही सांगण्यासारखं काही नसतं. कधी बजेटची मंजुरी अडते. कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते, तो हो म्हणतो का याची वाट पाहणं चालू असतं आणि तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता. हे ती तुम्हाला सांगत नाही. पण उमेदवार रुजू झाला तरच कन्सल्टन्सीला फी मिळते, आपल्याकडे बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तेव्हा तुमचं काम व्हावं असं तिलाही वाटत असतं. तिला हवं असतं ते क्लायंटकडे पुन्हा विषय काढायला एखादं कारण. चांगला फॉलोअप तिला ते कारण पुरवतो.

एक उदाहरण घेऊ. नाशिकचा एक अकाउंटंट आहे, त्याला अमोल म्हणू. टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम त्याला येतं. चाकणच्या एका कारखान्यातल्या जागेसाठी गुरुवारी, १२ तारखेला त्याचा दुसरा राउंड झाला. रिक्रूटरने सोमवारपर्यंत कळवते म्हणून सांगितलं होतं. सोमवार गेला, मंगळवारही त्याने जाऊ दिला. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याने लिहावं ते असं:

"नमस्कार मॅडम, मी अमोल, चाकण अकाउंटंट पोस्ट. गुरुवारी १२ तारखेला दुसरा राउंड झाला. कंपनीकडून फीडबॅक आला आहे का? माझी नोटीस ३० दिवसांची आहे, पण सध्याच्या ऑफिसने २० दिवसांत सोडायची तयारी दाखवली आहे."

संपलं. नाव आणि पोस्ट पहिल्याच ओळीत, म्हणून चॅट न उघडताही माणूस ओळखू येतो. प्रश्न एकच आणि उत्तर देता येईल असा. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण ते तिला जसंच्या तसं क्लायंटला पाठवता येतं: उमेदवार दहा दिवस आधी येऊ शकतो. मात्र ते खरंच असलं पाहिजे. कळवण्यासारखं नवं काही नसेल तर पहिली तीन वाक्यं पुरेत. "मला या नोकरीची फार गरज आहे" असं काही जोडू नये. त्यावर ती बिचारी काय करणार?

लिहिण्याची भाषा तिची तीच आपली ठेवावी. ती इंग्रजीत लिहीत असेल तर साधं इंग्रजी, मराठीत लिहीत असेल तर मराठी. मुलाखतीची वेळ कळवणारा तिचाच जुना मेसेज उजवीकडे सरकवून त्याखाली उत्तर लिहिलं, तर संदर्भ आपोआप जोडला जातो. व्हॉइस मेसेज नको, कारण ऑफिसात तो ऐकायचा कुठे? सीव्ही पुन्हा मागितला तर फोटो काढून न पाठवता पीडीएफ पाठवावा आणि फाइलच्या नावात आपलं नाव आणि पोस्ट असावी. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रोफाइलला स्वतःचं पूर्ण नाव द्यावं. तिथे नुसता ठिपका, इमोजी किंवा "भाऊ" लिहिलेलं असेल तर नंबर सेव्ह नसलेल्या माणसाला काही बोध होत नाही.

निळ्या टिकांवरून अंदाज बांधू नये. अनेक जण त्या बंद ठेवतात; आणि मेसेज उघडला याचा अर्थ उत्तर तयार आहे असाही नसतो. "मेसेज बघून रिप्लाय का देत नाही?" असं लिहिलं की संबंध तिथेच बिघडतो.

अमोलला उत्तर आलं, "क्लायंटकडून अजून नाही." इथे नुसतं "ओके" लिहून थांबू नये. "धन्यवाद मॅडम. सोमवारी दुपारी पुन्हा विचारू का?" एवढं लिहिलं आणि ती हो म्हणाली, की पुढचा मेसेज त्रासाचा राहत नाही, ठरलेला होतो. काहीच उत्तर आलं नाही, तर चार-पाच कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि मग एकदा विचारावं. दुसरी ऑफर आली असेल तर मात्र थांबू नये: "मला दुसरीकडून ऑफर आली आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. चाकणची जागा मला अधिक योग्य वाटते. गुरुवारपर्यंत काही कळू शकेल का?" ऑफर नसताना हे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. ऑफर लेटर दाखवा म्हटलं की पंचाईत होते.

गाडी पुढे सरकते आहे की नाही, हे तिच्या प्रश्नांवरून ओळखता येतं. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या, पगारात किती कमी-जास्त चालेल विचारलं, रुजू होण्याची तारीख विचारली, तर फाइल हलली आहे. दोन मेसेजनंतरही पूर्ण शांतता असेल, तर तिसरा निरोपाचा लिहावा: "ही जागा भरली असेल तर हरकत नाही. चाकण-रांजणगाव भागात अकाउंट्सची दुसरी जागा आली तर जरूर कळवा." त्यानंतर त्या जागेबद्दल विचारणं थांबवावं. अशा ओळीवरून रिक्रूटर पुढच्या जागेसाठी आठवण ठेवते.

आणि होकार आला तर? "सिलेक्टेड, कॉंग्रॅट्स" हा मेसेज म्हणजे ऑफर नव्हे. "धन्यवाद मॅडम, ऑफर लेटर ईमेलवर कधीपर्यंत येईल?" हे त्याच चॅटमध्ये लगेच विचारा. पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख असलेलं ते पत्र कंपनीच्या ईमेलवरून येईपर्यंत राजीनामा देऊ नका.