अ‍ॅपवरचं कर्ज खात्यात आलं आणि पश्चात्ताप झाला? परत करण्याची मुदत आहे. पण खर्च किती, ते आधी समजून घ्या

मोबाइलवर दहा मिनिटांत मंजूर होणारं कर्ज घेताना फारसा विचार होत नाही. विचार सुरू होतो तो पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर. हप्ता पगाराला झेपणारा नाही, किंवा तेवढेच पैसे भावाकडून बिनव्याजी मिळणार होते, हे तेव्हा लक्षात येतं. अशा वेळी अनेकजण 'आता घेतलंच आहे तर' म्हणत हप्ते सुरू करतात. प्रत्यक्षात डिजिटल कर्जातून पहिल्या काही दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं. या मुदतीला 'कूलिंग-ऑफ पीरियड' म्हणतात. कर्जाच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 'लुक-अप पीरियड' असाही असतो.

ही सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून आली आहे. सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी किमान तीन दिवस द्यावेत, असं म्हटलं होतं. मे 2025 च्या नव्या निर्देशांत ही किमान मर्यादा एक दिवसावर आली. प्रत्यक्ष मुदत किती, हे कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं संचालक मंडळ ठरवतं. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत आजही 'तीन दिवस मिळतातच' असं वाचायला मिळतं. त्यावर विसंबून राहू नये.

आपल्या कर्जाची मुदत शोधायची ती 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे केएफएसमध्ये. करारावर सही होण्याआधी हे पत्रक देणं बंधनकारक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात, डिजिटल कर्जाच्या रकान्यात कूलिंग-ऑफची मुदत लिहिलेली असते. अ‍ॅपमध्ये सापडलं नाही तर ईमेल तपासा. कर्जाची कागदपत्रं तिथे पाठवावी लागतात. केएफएसची स्वतःचीही एक वैधता असते, म्हणजे त्या अटी किती दिवस खुल्या राहतील याची. ती मुदत कर्ज घेण्याआधीची, तर कूलिंग-ऑफ कर्ज घेतल्यानंतरची. दोन्ही आकडे त्याच कागदावर असल्याने गल्लत होते.

हिशेब कसा बसतो?

समजा, नाशिकमधल्या एका तरुणीने गुरुवारी संध्याकाळी अ‍ॅपवरून 1 लाख रुपयांचं कर्ज घेतलं. व्याज वर्षाला 24 टक्के, मुदत 18 महिने. प्रक्रिया शुल्क 2 टक्के, म्हणजे 2,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 360 रुपये. हे पैसे आधीच कापले गेल्याने खात्यात आले 97,640 रुपये. केएफएसमध्ये कूलिंग-ऑफ तीन दिवसांचा आहे.

शनिवारी तिने कर्ज परत करायचं ठरवलं. इथे पहिला धक्का बसतो. परत करायचे ते खात्यात आलेले 97,640 नव्हेत, तर मंजूर झालेले पूर्ण 1 लाख. त्यावर दोन दिवसांचं व्याज. 24 टक्क्यांनी ते रोजचं साधारण 66 रुपये पडतं, म्हणजे दोन दिवसांचे 132. एकूण भरायचे 1,00,132 रुपये. खात्यात आलेली रक्कम जशीच्या तशी ठेवलेली असली, तरी 2,492 रुपये स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. हाच कर्ज रद्द करण्याचा खर्च, आणि त्यात व्याजाचा वाटा नगण्य आहे. खरा खर्च प्रक्रिया शुल्काचा.

हे शुल्क ठेवून घ्यायला परवानगी आहे का? आहे, पण दोन अटींवर. ते एकदाच घेतलेलं आणि वाजवी असावं, आणि कर्ज रद्द केल्यास ते परत मिळणार नाही हे केएफएसमध्ये आधीच सांगितलेलं असावं. तसं लिहिलं नसेल, तर ते परत मागण्याचा मुद्दा भक्कम आहे. 'वाजवी' म्हणजे किती टक्के, हे मात्र नियमात सांगितलेलं नाही. ग्राहकाची बाजू इथेच लंगडी पडते.

आणखी एक बारकावा. नियमात 'मुद्दल आणि त्या प्रमाणातला एपीआर' भरायला सांगितलं आहे. एपीआर म्हणजे व्याजात शुल्क मिळवून काढलेला वार्षिक दर. या उदाहरणात तो 27 टक्क्यांच्या थोडा वर जातो. शुल्क वेगळं ठेवून घेतलं असताना पुन्हा एपीआरने आकारणी झाली, तर शुल्काचा अंश दुसऱ्यांदा मोजला जातो. दोन दिवसांत फरक वीसेक रुपयांचाच पडतो, पण हिशेबाचं विवरण मागायला हरकत नाही.

आता तिने सोमवार उजाडू दिला असता तर? मुदत संपलेली. मुदतपूर्व परतफेडीवर 4 टक्के शुल्क असेल, तर जीएसटीसह 4,720 रुपये आणखी लागतात आणि एकूण फटका 7,300 च्या पुढे जातो. पूर्ण 18 महिने हप्ते भरले तर हप्ता सुमारे 6,670 रुपयांचा आणि एकूण व्याज 20 हजारांच्या घरात.

नेमकं कुठे अडतं?

अ‍ॅपमध्ये 'कॅन्सल लोन' हे बटण असेल तर तेच वापरावं. ते नसेल तर केएफएसमध्ये दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर, मुदत संपण्याआधी, कर्ज क्रमांकासह लिहावं: 'कूलिंग-ऑफ काळात कर्ज रद्द करत आहे, आजची एकूण देय रक्कम आणि ती भरण्याचं खातं कळवा.' नुसता कस्टमर केअरला फोन केला तर तारखेचा पुरावा उरत नाही.

पैसे 'पे नाऊ' किंवा 'अ‍ॅडव्हान्स ईएमआय' या पर्यायातून भरू नयेत. तिथून भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी जमा होते आणि कर्ज चालूच राहतं. रक्कम दहा रुपयांनी कमी पडली तरी खातं बंद होत नाही. पैसे थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जायला हवेत. एजंटच्या यूपीआय आयडीवर भरायला सांगितलं, तर तिथेच थांबावं.

कर्जासोबत विमा जोडला गेला असेल, तर तो वेगळा करार आहे. कर्ज बंद झालं म्हणून हप्ता आपोआप परत येत नाही. स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र पैसे ग्राहकाच्या हातात न येता दुसऱ्याच्या खात्यात जातात तिथे होते. उदाहरणार्थ, कोचिंग क्लासच्या फीसाठी घेतलेलं कर्ज. क्लासने पैसे परत केले नाहीत, तरी कर्ज रद्द करण्यासाठी मुद्दल विद्यार्थ्यालाच उभं करावं लागतं. खर्च होऊन गेलेल्या पैशाला कूलिंग-ऑफचा उपयोग नाही.

पैसे भरल्यावर दोन गोष्टी मिळवाव्यात: कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि ऑटो-डेबिटचं मॅन्डेट रद्द झाल्याची खात्री. काही आठवड्यांनी क्रेडिट रिपोर्टही पाहावा. कर्जासाठी झालेली चौकशी त्यात दिसत राहील, पण खातं 'बंद' आणि थकबाकी शून्य दिसायला हवी.

संस्थेने मुदतीतली विनंती नाकारली किंवा दंड लावला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. तिथे केएफएस, रद्द करण्याचा ईमेल आणि पैसे भरल्याची पावती जोडावी.