आयर्नफोर्जच्या चौकात कार्ड का थांबतं?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात बुटक्यांची राजधानी आहे आयर्नफोर्ज, डोंगर पोखरून वसवलेली. वेशीतून आत शिरलं की लगेच बाजारचौक लागतो: एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला लिलावघर. सुरुवातीच्या काळात एका पक्षाच्या सगळ्या खेळाडूंसाठी आपल्या राजधान्यांतलं लिलावघर फक्त इथेच होतं. त्यामुळे संध्याकाळ झाली की सारी वस्ती त्या चौकात गोळा व्हायची, आणि बाहेरच्या बर्फाळ रानात झरझर पळणारा गेम वेशीच्या आत पाऊल टाकताच अडखळायला लागायचा.

माझ्या भाच्याला हाच अनुभव या वर्षी आला. त्याने पैसे साठवून महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं. जंगलात चित्र सुरेख दिसू लागलं, पण राजधानीत पूर्वीइतकंच अडखळणं. कार्ड बिघडलंय असं समजून तो परत करायला निघाला होता. कार्ड ठणठणीत होतं. चौकात त्याला पुरेसं कामच मिळत नव्हतं.

चित्र सुरळीत हलतंय असं वाटायला सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात दोघांना आपापलं काम उरकायचं असतं. कार्ड रंग भरतं, प्रकाश-सावल्या करतं. पण कोण कुठे उभं आहे, कुणाचा कोणता पाय उचललेला आहे, हे प्रोसेसर ठरवतो आणि मग 'आता हे काढ, या पोताने काढ' अशी एकेक आज्ञा कार्डाला देतो. कार्ड म्हणजे शंभर हातांचा आचारी. पण ऑर्डर आत पोचल्याशिवाय त्याने चूल पेटवून करायचं काय?

जंगलातली पाचशे झाडं एकाच साच्याची असतात, शिवाय ती जागची हलत नाहीत. 'हे झाड या पाचशे जागी काढ' एवढी एक आज्ञा पुरते. चौकातली माणसं तशी नाहीत. प्रत्येकाचा सांगाडा वेगळा चालतो आणि त्या हाडांची स्थिती दर चित्राला नव्याने काढावी लागते. प्रत्येकाचं शिरस्त्राण, खांद्यावरचं चिलखत, तलवार, अंगरखा, बसायचा घोडा किंवा अजगर वेगळा. म्हणजे एका माणसामागे अनेक आज्ञा. त्यावर डोक्यावरचं नाव, संघाचं नाव, बोललेल्या वाक्याचा फुगा. खेळाडूंनी स्वतः बसवलेली अॅड-ऑन असतील, तर आसपास कुणी काही केलं की तीही जागी होतात.

समजा, एका माणसामागे प्रोसेसरचा ०.१ मिलिसेकंद जातो. आकडा मी हिशोबासाठी धरला आहे. चौकात १५० जण असले की १५ मिलिसेकंद झाले. इमारती, आवाज, खिडक्या-बटणं यांचे आणखी ८ धरा. एकूण २३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४३ चित्रं. कार्डाचं काम समजा ९ मिलिसेकंदांत आटोपलं, तर उरलेले १४ ते नुसतं वाट बघत बसतं. कार्ड दुप्पट वेगवान आणलं तरी ४३ चे ४४ होणार नाहीत. फक्त बसून राहण्याचा वेळ वाढेल.

मग आठ कोअरचा प्रोसेसर असून काय उपयोग, असा प्रश्न भाच्याने विचारला, आणि तो रास्त होता. या कामांना क्रम असतो: आधी निरोप वाचायचा, मग माणसाची जागा ठरवायची, मग त्याची ढब, मग आज्ञा. त्यामुळे जुन्या गेममध्ये बहुतेक ओझं एकाच कोअरवर पडतं. वॉरक्राफ्टने चित्र काढण्याच्या आज्ञांचं काम अनेक कोअरवर वाटायला सुरुवात केली ती डिसेंबर २०१८ च्या ८.१ आवृत्तीत, म्हणजे गेम चौदा वर्षांचा झाल्यावर. त्याने फरक पडला, तरी एका कोअरवरची मुख्य रांग संपली नाही. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर २० टक्केच दिसतो आणि माणूस फसतो. आठांपैकी एक कोअर पुरता दमलेला असतो, बाकीचे बहुतेक मोकळे.

ओळखायची सोपी खूण आहे. वॉरक्राफ्टमध्ये Ctrl+R दाबलं की सेकंदाला किती चित्रं पडतात ते दिसतं. भर चौकात उभं राहून रिझोल्यूशन कमी करा. आकडा वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जागचा हलला नाही, तर अडचण प्रोसेसरची.

नेटवर्कची गोष्ट निराळी आहे, आणि तिथलं गणित मला जास्त भयंकर वाटतं. चौकात शंभर जण फिरत आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला दोनदा आपली जागा सर्व्हरला कळवतो असं धरू. सर्व्हरकडे २०० निरोप आले. पण प्रत्येक निरोप उरलेल्या ९९ जणांना पोचवायचा, म्हणजे जाणारे निरोप १९,८००. माणसं दुप्पट करा: येणारे ४००, जाणारे ७९,६००. गर्दी दुप्पट झाली की काम चौपट होतं. सर्व्हर एरवी लांबच्या माणसांना वगळून ही आकडेमोड आटोक्यात ठेवतो. चौकात मात्र सगळेच एकमेकांच्या जवळ, मग वगळायचं कुणाला?

घरच्या इंटरनेटच्या तारेला हे जड नाही. एक निरोप ५० बाइटचा धरला, तर दोनशेच्या गर्दीतही तुमच्याकडे सेकंदाला २० किलोबाइट येतात. साधा व्हिडिओ याच्या कितीतरी पट घेतो. दमतो तो सर्व्हर, कारण कुणाला काय सांगायचं हे त्यालाच निवडायचं आणि बांधायचं असतं. शिवाय वॉरक्राफ्ट टीसीपी पद्धतीने निरोप पाठवतो. त्यात वाटेत एक पुडकं हरवलं, तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात. म्हणून कधी अख्खा चौक पुतळ्यासारखा थिजतो आणि क्षणाने सगळे एकदम धावत सुटतात. अशा वेळी कॅमेरा फिरवून बघावा. तो लोण्यासारखा फिरत असेल आणि दुकानदाराची खिडकीच उशिरा उघडत असेल, तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा. कॅमेराच झटके खात असेल, तर तुमच्या प्रोसेसरचा.

उपाय सगळेच काहीतरी हिरावून घेतात. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये एका वेळी किती माणसं दाखवायची हे Character Model Limit या सेटिंगने कमी करता येतं. चौक हलका होतो, पण समोर उभे असलेले काही जण दिसत नाहीत. २०१९ च्या 'वॉरक्राफ्ट क्लासिक' मध्ये सुरुवातीला एकाच जगाच्या अनेक प्रती चालवून खेळाडू त्यांत वाटले होते. तिथे ठरलेल्या जागी उभा असलेला मित्र सापडेना, कारण तो दुसऱ्या प्रतीत असायचा. 'ईव्ह ऑनलाइन' मोठ्या लढाईत गेममधला काळच मंदावतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे सर्व्हरला हिशोब पुरा करायला अवधी मिळतो.

माझ्या मते सगळ्यांत शहाणा उपाय आयर्नफोर्जवरच झाला. जानेवारी २००६ च्या १.९ आवृत्तीत स्टॉर्मविंड आणि डार्नासस या दुसऱ्या राजधान्यांतही लिलावघरं उघडली आणि ती आयर्नफोर्जशी जोडली. माल तिन्हीकडे तोच, भाव तोच. बोली लावायला डोंगरातल्या त्या चौकात जाण्याची गरज उरली नाही.

भाच्याने कार्ड ठेवून घेतलं आणि आधी अॅड-ऑन बंद करून बघितली.