मूठभर म्हणजे किती?

आजीच्या रेसिपीचं चॅनेल ही आता महाराष्ट्राला नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे चॅनेल 2020 मध्ये त्यांच्या नातवानं सुरू केलं. आंध्रातल्या मस्तानम्मा तर त्याही आधी, शंभरी ओलांडल्यावर, पणतवाच्या कॅमेऱ्यापुढे रांधत होत्या. 2018 च्या डिसेंबरात त्या गेल्या, तोवर जगभर त्यांचे चाहते झाले होते. अशा बातम्यांत पहिला दिवस सापडतो आणि नंतरचा मोठा आकडा सापडतो. मधलं काहीच सापडत नाही. ते मधलं सांगण्यासाठी इथं एक छोटी गोष्ट रचली आहे. तिच्यातली आजी आणि नात काल्पनिक आहेत. पीठ, पाणी आणि यूट्यूबचे नियम मात्र खरे.

गाव जुन्नर तालुक्यातलं. नात बारावीला, वय सतरा. पहिल्या व्हिडिओसाठी तिनं हुलग्याचे शेंगोळे निवडले. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, त्याच्या पिठाचं हे घाटावरचं जेवण. पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तळहातावर वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. भाजी वेगळी नको, आमटी वेगळी नको.

पहिली अडचण उजेडाची आली. चूल आतल्या भिंतीला आणि दार आजीच्या पाठीमागे, त्यामुळे मोबाइलनं दारातलं ऊन टिपलं आणि आजीचा चेहरा काळा केला. नातीनं मोबाइल दाराच्या बाजूला नेला आणि आजीला दाराकडे तोंड करून बसवलं. खरं तर परातच फक्त सरकवावी लागली. पदराला लावलेला माइक मात्र टिकला नाही. पदर सरकला की खरखर व्हायची. तो खांद्याच्या दुसऱ्या बाजूला, झंपराला लावल्यावर आवाज स्वच्छ आला. एवढ्यावर तांत्रिक भाग संपला, आणि खरं सांगायचं तर अशा कामात तो फारसा अवघड नसतोच.

अवघड होता पुढचा प्रश्न.

"आज्जी, पीठ किती घेतलंस?"

"पाच मुठी. चार माणसांना पुरतंय."

"पण मूठ म्हणजे किती?"

"अगं, मूठ म्हंजी मूठ. तुला हात न्हाईत का?"

आजीला वाटीनं मोजायला लावलं की तिचा हात बिचकायचा आणि पीठ बिघडायचं. मग नातीनं उलटी युक्ती केली. पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि आजीला नेहमीसारखं घ्यायला सांगितलं. डब्यातून जेवढं कमी झालं तेवढं आजीनं घेतलं. असं तीन वेगवेगळ्या दिवशी केलं. पाच मुठींचं हुलग्याचं पीठ दर वेळी 250 ग्रॅमच्या आसपास भरलं. त्यात कणीक एक मूठ, म्हणजे 50 ग्रॅम. तांब्याचं पाणी सव्वा लिटर निघालं. मिठासाठी स्वयंपाकघरातला काटा कामाचा नव्हता, कारण तो एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही आणि चिमटीचं वजन तेवढंच असतं. म्हणून मीठ चमच्यावर आणलं: सपाट दीड चमचा.

कणीक कशाला, हे आजीनं आपणहून कधीच सांगितलं नसतं. विचारल्यावर म्हणाली, "धरून ठेवती." बरोबरच आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की चिवट जाळं तयार होतं, हुलग्यात ते होत नाही. नुसत्या हुलग्याची कडी वळताना तडकते.

व्हिडिओ साडेसहा मिनिटांचा झाला. दोन दिवसांनी पुण्याहून आत्याचा फोन आला.

"आई, तुझ्या शेंगोळ्यांचं माझं पिठलं झालं!"

माप तेच, पीठ तेच, आणि करणारी आजीची सख्खी लेक. लग्न होईपर्यंत तिनं शेंगोळे शंभरदा खाल्ले असतील, केले मात्र कधी नव्हते. आजी म्हणाली, पीठ सैल झालं असेल. आत्या म्हणाली, नाही, घट्ट होतं. नातीनं मग कापून टाकलेलं चित्रण पुन्हा काढून पाहिलं आणि चूक तिच्याच कात्रीत सापडली. फोडणीत पाणी ओतल्यावर आजी चार मिनिटं नुसती बसून होती. बोलत नव्हती, हलत नव्हती, म्हणून नातीनं तो तुकडा काढून टाकला होता. पाणी ओतलं की लगेच शेंगोळे सोडायचे, असंच आत्याला दिसलं. तिनं कोमट पाण्यात सोडले.

खळखळत्या पाण्यात कडी पडली की तिच्या बाहेरच्या थरातलं पीठ लगेच शिजून घट्ट होतं आणि आतलं धरून ठेवतं. कोमट पाण्यात तो थर धरायच्या आधीच पीठ सुटत जातं. शिवाय आत्यानं लगेच डाव घातला होता. आजी पहिली पाच मिनिटं डाव लावतच नाही, पातेलं फडक्यानं धरून नुसतं हलवते. हेही तिनं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

माझ्या मते अशा व्हिडिओंची खरी परीक्षा इथं असते. हात कसा चालतो हे कॅमेरा छान दाखवतो, पण हात कशासाठी थांबला हे दाखवायला संकलन करणाऱ्याला पदार्थ कळावा लागतो. गाणी लावून, भराभर तुकडे जोडून केलेले गावरान व्हिडिओ बघायला झकास वाटतात. त्यांच्यावरून रांधायला बसलं की आत्यासारखी गत होते.

नातीनं व्हिडिओ नव्यानं केला. आता उकळी येईपर्यंतचं पाणी दिसतं, आणि वीस मिनिटांनी आजी एक शेंगोळं डावात घेऊन मोडून दाखवते. मध्ये पांढुरकी, कोरडी रेघ दिसली तर अजून कच्चं. रस पातळ वाटला तरी घाबरायचं नाही, उतरवून ठेवल्यावर तो दाटतो. आणि घाईत असाल तर? मग पिठलंच करा, असं आजी म्हणते. ते वाक्य नातीनं ठेवलं.

पुढे सबस्क्रायबर वाढले आणि पैशांची गोष्ट निघाली. जाहिरातींतला वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं गेलेलं लागतं. छोट्या शॉर्ट्ससाठी निराळा हिशेब आहे. पैसे ज्या गूगलच्या खात्यात जमतात, ते खातं उघडायला अठरा वर्षं पूर्ण लागतात. नातीला अजून पाच महिने होते. वडील म्हणाले, माझ्या नावानं काढू. नातीला ते सोयीचं वाटलं.

आजी चुलीपाशीच बसली होती. "पैसं कुठं येणार?"

"बँकेत. नाव आणि बँकेतलं नाव एकच पाहिजे. आधी पत्ता तपासायला पोस्टानं एक नंबर येतो, तो टाकायचा."

"पत्र येतंय? कागदाचं?"

"हो. कमाई दहा डॉलर झाली की पाठवतात. आणि शंभर डॉलर भरल्याशिवाय पैसे सोडत नाहीत."

आजीनं फळीवरून डबा काढला. त्यात निराधार योजनेचे पैसे जमा होतात ते पासबुक होतं. ते तिनं मुलापुढे नाही, नातीपुढे ठेवलं.

"ह्याच्यावरचं नाव घाल. आणि स्पेलिंग नीट बघून घाल, मागच्या टायमाला बँकेनं चार चकरा मारायला लावल्या."