गॅडोलिनियमच्या आठ पायऱ्या

एप्रिल १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विल्यम जिऑक आणि त्यांचे सहकारी मॅकडूगल यांनी गॅडोलिनियम सल्फेट या क्षाराचा नमुना द्रवरूप हेलियमने १.५ केल्विनपर्यंत थंड केला. त्याच्याभोवती सुमारे ८००० ओर्स्टेडचे, म्हणजे ०.८ टेस्लाचे, चुंबकीय क्षेत्र होते. हे क्षेत्र काढून घेताच क्षाराचे तापमान ०.२५ केल्विनपर्यंत उतरले. द्रव हेलियमवरचा दाब कमी करत राहून इतके खाली जाणे त्या काळी शक्य नव्हते. बोल्ट्झमनचे वितरण, पार्टिशन फंक्शन आणि एन्ट्रॉपी यांचा परस्परसंबंध समजून घ्यायला याच्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही, कारण यातले सगळे आकडे कागदावर मांडता येतात.

गॅडोलिनियमचा आयन हा एक छोटा चुंबकच असतो. चुंबकीय क्षेत्रात त्याला आठच स्थिती घेता येतात आणि त्यांच्या ऊर्जा समान अंतराने एकावर एक असतात. ०.८ टेस्लाच्या क्षेत्रात लगतच्या दोन पायऱ्यांमधले अंतर, तापमानाच्या भाषेत सांगायचे तर, सुमारे १.०७ केल्विन भरते. क्षार आहे १.५ केल्विनवर. म्हणजे प्रत्येक पायरीची ऊर्जा kT च्या ०.७२ पट. इथे k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक.

आता एकच आयन विचारात घेऊ. तो कोणत्या पायरीवर असेल? त्याला वर चढायला ऊर्जा लागते आणि ती भोवतालच्या हेलियमकडूनच यावी लागते. E इतकी ऊर्जा दिली की हेलियमची एन्ट्रॉपी E/T ने घटते. एन्ट्रॉपी ही शक्य रचनांच्या संख्येचा लॉगॅरिदम असल्यामुळे हेलियमला उपलब्ध असलेल्या रचनांची संख्या e^(−E/kT) या पटीने कमी होते. आयन वरच्या पायरीवर सापडण्याची शक्यता नेमकी त्याच पटीने कमी होते. बोल्ट्झमनचे वितरण ते हेच. पुष्कळ पाठ्यपुस्तके हे सूत्र आधी देतात आणि एन्ट्रॉपीचा विषय नंतर काढतात, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटतात. वास्तविक वितरण जन्मते तेच भोवतालच्या एन्ट्रॉपीतून.

आपल्या क्षारात प्रत्येक वरच्या पायरीचे वजन तिच्या खालच्या पायरीच्या ०.४९ पट होते. सर्वांत खालची पायरी १ धरली तर पुढच्या ०.४९, ०.२४, ०.१२ अशा उतरत जातात. या आठही वजनांची बेरीज येते १.९५. ही बेरीज म्हणजेच पार्टिशन फंक्शन, Z. वजनाला Z ने भागले की शक्यता मिळते: सर्वांत खालच्या पायरीवर ५१ टक्के आयन, तिच्या वर २५ टक्के, त्यावर १२ टक्के, आणि अगदी वरच्या पायरीवर हजारात तीन.

प्रत्येक पायरीची शक्यता p कळली की एन्ट्रॉपी गिब्जच्या सूत्राने काढता येते:

S = −k Σ p ln p

यात p = e^(−E/kT)/Z घाला. ln p चे दोन तुकडे होतात, एक −E/kT आणि दुसरा −ln Z. पहिल्याची सरासरी घेतली की सरासरी ऊर्जा U येते. दुसरा सगळ्या पायऱ्यांना सारखाच असल्याने तसाच बाहेर पडतो. उरते ते असे:

S = k ln Z + U/T

आकडे घालून पाहू. ln Z आहे ०.६७. आयन सरासरीने ०.९३ पायरी वर आहे, म्हणून U/kT ही ०.९३ गुणिले ०.७२, म्हणजे जवळजवळ ०.६७. एन्ट्रॉपी झाली प्रत्येक आयनामागे १.३३ k. योगायोगाने इथे दोन्ही तुकडे सारखे आले, तसे नेहमी होत नाही.

उत्तरपत्रिकेत हमखास होणारी चूक इथेच असते. बोल्ट्झमनचे S = k ln W पाठ असते, म्हणून W च्या जागी Z लिहून लोक मोकळे होतात. तसे केले तर इथे एन्ट्रॉपी निम्मीच येईल. Z ही स्थितींची मोजदाद नाही, ती वजनांची बेरीज आहे, आणि ऊर्जेचे शून्य कुठे धरले यावर ती अवलंबून असते. आपण शून्य सर्वांत खालच्या पायरीवर धरले. तेच आठ पायऱ्यांच्या बरोबर मध्यावर धरा: Z होतो २३.९. स्थिती आठच असताना त्यांची मोजदाद चोवीस कशी होईल? पण त्याच वेळी U/kT उणे १.८४ होते, ln Z होतो ३.१७, आणि बेरीज पुन्हा १.३३. शून्य हलवून पाहावे. एन्ट्रॉपी बदलली तर कुठला तरी तुकडा राहून गेला आहे. k ln Z ही एकटीच एन्ट्रॉपी ठरते ती सगळ्या पायऱ्या एकाच उंचीवर आल्या आणि शून्यही तिथेच धरले तर. तेव्हा Z = ८ आणि S = k ln 8, म्हणजे २.०८ k.

जिऑक यांच्या प्रयोगाचा आरंभ जवळजवळ तसाच होता. क्षेत्र नसताना आठही पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, एन्ट्रॉपी सुमारे २.०८ k. क्षेत्र लावले, पायऱ्या फाकल्या, आयन खाली उतरले आणि एन्ट्रॉपी १.३३ k वर आली. हा फरक एक मोल आयनांमागे सुमारे ६.२ ज्यूल प्रति केल्विन होतो. त्याला १.५ केल्विनने गुणले की साधारण ९ ज्यूल उष्णता येते, आणि ती हेलियमने शोषून घेतली. मग क्षाराभोवतीचा, उष्णता वाहून नेणारा हेलियम वायू पंपाने काढून टाकला. आता उष्णतेला वाटच उरली नाही, आणि क्षेत्र हळूहळू उतरवताना एन्ट्रॉपी १.३३ k वरच राहिली.

आदर्श आयनांसाठी एन्ट्रॉपी तीच राहते याचा अर्थ शक्यता त्याच राहतात: ५१, २५, १२. पायऱ्यांमधले अंतर मात्र क्षेत्राबरोबर आटत जाते. अंतर कमी होऊनही वाटणी तीच हवी असेल, तर अंतर आणि तापमान यांचे गुणोत्तर अढळ राहिले पाहिजे. म्हणून तापमान उतरते.

या हिशेबाने क्षेत्र शून्य झाल्यावर तापमानही शून्य व्हायला हवे. तसे घडत नाही, कारण क्षेत्र काढले तरी पायऱ्या पूर्णपणे एक होत नाहीत. स्फटिकाची रचना त्यांना थोडे वेगळे ठेवते, शिवाय शेजारचे आयन स्वतः चुंबक असल्याने एकमेकांना ओढतात. आपण Z काढताना प्रत्येक आयन एकटा आहे असे धरले होते. १.५ केल्विनला, ०.८ टेस्लाच्या क्षेत्रात, ते बरेचसे चालते. पाव केल्विनला चालत नाही. तिथे Z सगळ्या आयनांचा मिळून काढावा लागतो आणि ते फार कठीण आहे. तापमान मोजायलाही नेहमीचा थर्मामीटर तिथे उपयोगी नव्हता. क्षार किती चुंबकित होतो हे भोवतालच्या वेटोळ्याने मोजून तापमानाचा अंदाज घेतला गेला.

जिऑक यांना १९४९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ मध्ये जपानने सोडलेल्या एक्सरिझ्म या अवकाश दुर्बिणीतला क्ष-किरण संवेदक आज ०.०५ केल्विनला ठेवला जातो, तो याच चुंबकीय पद्धतीने.