बारा वर्षांनंतरचा पहिला मेसेज

जुन्या प्रेमाला मेसेज करायचा म्हटलं की माणूस लगेच मजकूर जुळवायला बसतो. त्याआधी तुटलं कशामुळे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवायला हवं. नॅन्सी कॅलिश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ पासून अशा पुन्हा भेटलेल्या जोड्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. पुन्हा जुळून टिकलेल्यांमध्ये त्यांना तरुणपणीच्या प्रेमाची माणसं बरीच भेटली. त्यांची ताटातूट घरच्यांचा विरोध, लांब जावं लागणं अशा बाहेरच्या कारणांनी झाली होती. आपल्याकडे तर ‘घरच्यांनी मोडलं’ ही गोष्ट दर दुसऱ्या घरात सापडेल. पण रोजची भांडणं, खोटं बोलणं, संशय यातून तुटलं असेल, तर नुसती वर्षं गेल्याने स्वभाव बदलत नाही. आणि मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील, समोरच्याने ब्लॉक केलं असेल, तर विषय तिथंच संपला. दुसऱ्या नंबरवरून प्रयत्न करू नये, मैत्रिणीकरवी निरोपही धाडू नये.

समजा, नाशिकचा एक चाळिशीतला माणूस आहे, घटस्फोटित. बारा वर्षांपूर्वी ज्या मुलीशी लग्न ठरत आलं होतं, तिच्या बाजूने तो आईवडिलांसमोर उभा राहिला नाही. ती आता ठाण्यात एकटी राहते, असं त्याला कळलंय. रात्री साडेअकराला तो लिहितो: ‘खूप दिवसांपासून तुझी आठवण येतेय. तेव्हा मी चुकलो, पण माझीही बाजू होती. आपण एकदा भेटू या का? प्लीज उत्तर दे.’ चार वाक्यांत आठवण, माफी, बचाव, मागणी आणि आर्जव, सगळं कोंबलंय. तिनं यातल्या कशाला उत्तर द्यायचं? त्यातला ‘पण’ तर बारा वर्षांपूर्वीचं भांडण जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करतो.

हे लिहून टाकायला हरकत नाही, वहीत. पाठवायचं ते दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी: ‘नमस्कार, कॉलेजच्या ग्रुपवर सरांच्या निवृत्तीचा फोटो पाहिला, त्यात तू दिसलीस. बरी आहेस ना? सहज लिहिलं. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.’ आताच का आठवण झाली, याचं खरं कारण यात आहे (ते नसेल तर रचू नये). एकच साधा प्रश्न आहे, आणि गप्प राहण्याची मोकळीक आहे. माफी मुद्दाम ठेवलेली नाही. ती मागायचीच असेल तर वेगळी मागावी, नेमकं काय केलं ते सांगून, आणि तिच्यामागे भेटीचा हेतू न लपवता. माफीच्या आडून आशा डोकावली की ऐकणाऱ्याला ती लगेच कळते.

आता उत्तराचं. निळ्या टिकांवरून आणि ‘लास्ट सीन’वरून अर्थ काढत बसणं हा वेळ घालवण्याचा जुनाच उद्योग. बघायचं एवढंच, की प्रश्न उलट येतो का. ‘मी मजेत. तू अजून नाशिकलाच का?’ म्हणजे दार थोडं उघडलंय. ‘बरं वाटलं. काळजी घे,’ हा सभ्य निरोप आहे. काहीच उत्तर आलं नाही, तर ‘मेसेज मिळाला ना?’ असं विचारायचं नाही. स्पष्ट नकार असूनही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. पण कायद्यापर्यंत जाऊ द्यायचंच कशाला?

बोलणं सुरू झालं तर थोडे दिवस ते आजच्या गोष्टींवर राहू द्यावं: काम, आईची तब्येत, बदललेलं शहर. याच टप्प्यात दोघांपैकी कुणाचं लग्न झालंय का, कुणी आयुष्यात आहे का, हे उघड व्हायला हवं. कॅलिशबाईंनी पुढे याबद्दल बजावलंही होतं: ‘नुसती चौकशी’ म्हणून सुरू झालेल्या कितीतरी गप्पांनी चांगले संसार उधळले.

भेट ठरली तर दुपारची, चहापुरती, निघायची वेळ आधीच ठरलेली. नेहमीची जुनी जागा टाळावी. तिथं माणसं आजची राहत नाहीत. तरीही जुनं कधीतरी निघतंच. ती म्हणेल, ‘त्या दिवशी तुझी आई बोलत होती आणि तू खाली बघत बसला होतास.’ नाशिककराच्या तोंडावर खुलासा तयार असेल: वडिलांचं ऑपरेशन, डोक्यावरचं कर्ज, सगळं खरंच. तो तेव्हा गिळावा. ‘हो, बसलो होतो. तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं,’ एवढं म्हणून थांबावं. पुढं ती रडेल, चिडेल किंवा विषय बदलून बिल मागवेल. बिल मागवलं तर तो विषय पुन्हा काढू नये, आणि पुढच्या भेटीचं तिच्याकडून निघेपर्यंत आपण काढू नये.