पन्नास मीटरवरची अदिती

साताऱ्याच्या अदिती स्वामीने ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद जिंकलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी बहुतेक बातम्यांमध्ये उसाचं शेत होतं. ती ज्या अकादमीत शिकली, ती एका उसाच्या शेताच्या जागेवर उभी राहिली, हे खरंच आहे. पण ‘शेतातून शिखरावर’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, गरिबी होती, जिद्द होती आणि मग पदक आलं. तिने बाण कसा मारला, हे कोणी विचारतच नाही.

वडील शिक्षक, म्हणजे महिन्याला ठरलेला पगार घरात येणारा. स्पर्धेच्या दर्जाचं धनुष्य आणि बाण यांचा खर्च लाखांत जातो, त्यासाठी या कुटुंबाने कर्ज काढलं. ओढाताण झाली, यात शंका नाही. पण नियमित पगार असल्याशिवाय असं कर्ज मिळत नाही आणि फिटतही नाही. याच जिल्ह्यात नेम उत्तम असूनही धनुष्याअभावी मागे राहिलेली मुलं असतील. ‘जिद्द असली की सगळं जमतं’ असं लिहिणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणं. अदितीला जिद्दीच्या जोडीला आणखी एक गोष्ट मिळाली. प्रवीण सावंत यांच्यासारखे प्रशिक्षक गावातच होते. त्यांच्याकडे शिकायला नागपूरचा ओजस देवतळे साताऱ्याला येऊन राहिला आणि बर्लिनमध्ये पुरुषांचं विजेतेपदही त्यानेच मिळवलं.

अदितीचा प्रकार कंपाउंड. ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ते रिकर्व्ह धनुष्य. त्याची प्रत्यंचा बोटांनी ओढतात आणि जितकं ओढावं तितकं वजन वाढत जातं. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. प्रत्यंचा पूर्ण मागे आली की ती चाकं फिरून बराचसा भार स्वतःवर घेतात आणि हातावर मूळ वजनाचा लहानसा हिस्सा उरतो. शिवाय नेम धरायला भिंग असतं आणि बाण सोडायला हातात रिलीज नावाचा खटका. इतकं साहाय्य असल्यामुळे हा प्रकार सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळेच तो निर्दय होतो. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं असतं आणि वरच्या दर्जाच्या सामन्यात त्यात बाण लागणं हे गृहीतच धरलेलं असतं. नऊ गुण मिळाले की नुकसान झालं.

या प्रकारात नेमबाज बिघडतो तो बहुधा खटक्यावर. भिंगात पिवळा ठिपका दिसला की मन म्हणतं, ‘आत्ता!’ आणि अंगठा खटका दाबून टाकतो. तो झटका धनुष्याला बसतो आणि बाण रेषेबाहेर जातो. सवय लागली की ती सोडवणं फार कठीण. म्हणून शिकवतात ते असं की खटका दाबायचाच नाही. पाठीचे स्नायू हळूहळू आवळत न्यायचे, रिलीज आपोआप सुटू द्यायचं. ते नेमकं कधी सुटेल हे आपल्यालाही कळता कामा नये. आणि हे सगळं २० सेकंदांत, कारण अंतिम सामन्यात खेळाडू आळीपाळीने एकेक बाण मारतात आणि एका बाणाला तेवढाच वेळ असतो.

आता अदितीचा बर्लिनचा अंतिम सामना पाहा. समोर मेक्सिकोची आंद्रेया बेसेरा. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, एकूण १५० गुण. पहिल्या चार फेऱ्यांत अदितीचे बाराही बाण दहावर. तीन गुणांची आघाडी. शेवटच्या फेरीत बेसेराने तिन्ही दहा मारले, अदितीचा एक बाण नवावर गेला. तरीही निकाल १४९-१४७. उपांत्य फेरीत तिने आपल्याच संघातल्या, अनुभवाने कितीतरी मोठ्या ज्योती सुरेखा वेन्नमला १४९-१४५ असं हरवलं होतं. आदल्या दिवशी याच ज्योती आणि परणीत कौरबरोबर तिने सांघिक सुवर्ण मिळवलं होतं, तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. मला या आकड्यांत सतरा वर्षांच्या मुलीचा खटक्यावरचा विश्वास दिसतो. ऊस दिसत नाही.

कहाणी मात्र विजेतेपदावर थांबत नाही. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण ज्योतीने नेलं, अदितीला कांस्य मिळालं. २०२४ मध्ये या तिघींनी विश्वचषकात सांघिक सुवर्णं जिंकली, पण त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड नव्हतंच. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ते प्रथमच येतं आहे, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात, एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीसाठी. म्हणजे भारताच्या संघात स्त्रियांची जागा एकच असेल. ज्योतीसारख्यांच्या बरोबरीने, देशांतर्गत निवड चाचण्यांत, ती जागा अदितीला मिळवावी लागेल.